अंगठी मोडीला जाते, घड्याळ सेकंडहँडला : कोरायच्या आधी एवढं बघा
(सोलापुरातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे नाव घालायचं म्हटलं की पहिल्यांदा भांड्याचं दुकान आठवतं, तो माणूस टरटर करत पेन फिरवतो आणि ताटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटतं. ताटाला ते चालतं. पण तेच मशीन कुणी चालू घड्याळाच्या मागच्या झाकणावर टेकवलं तर हिसके आतपर्यंत जातात आणि आतल्या बॅलन्स चाकाची नाजूक टोकं खराब होऊ शकतात, म्हणून पहिला नियम असा की झाकण घड्याळातून काढूनच कोरायचं आणि परत बसवताना रबराचा गॅस्केट नीट बसलाय का बघायचं, नाहीतर पाणी आत शिरतं.

आता मुद्द्याचं. किती खोल कोरायचं हे मी गिऱ्हाईकाला विचारतच नाही, मी विचारतो की उद्या ही वस्तू विकली तर कशी विकली जाईल.

अंगठीचं सोपं आहे, साधं वेढणं असेल तर सराफ वजन करणार, टंच बघणार आणि वितळवणार, आत काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. मग सोनं किती जातं ते बघू. चार-पाच अक्षरं आणि एक तारीख, सगळ्या रेघा सरळ करून मांडल्या तर साधारण ६० मिलिमीटर, रुंदी ०.२, खोली ०.१. म्हणजे १.२ घन मिलिमीटर, २२ कॅरेटमध्ये जेमतेम २१ मिलिग्रॅम. एका गुंजेचा सहावा हिस्सा! म्हणून अंगठीत बिनधास्त ०.१ ते ०.१५ खोल जा, सोनं मऊ असतं, वरवर ओरखडलेलं नाव वापरून वापरून पुसट होतं. फक्त वेढणं दीड मिलिमीटरच्या आसपास जाड पाहिजे, हलक्या पातळ अंगठीत एवढं खोल गेलात तर तिथेच ती वाकते. आणि दोन जागा सोडायच्या. एक हॉलमार्क, त्यातला सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बिघडला तर विकताना उगाच वाद. दुसरी तळहाताकडची बाजू, कारण माप वाढवायचं झालं की सोनार तिथेच कापून तुकडा घालतो आणि डाख लावतो, अक्षर तिथे असेल तर गेलंच.

अक्षराची स्टाइल म्हणाल तर मराठीला जागा जास्त लागते. ४ मिलिमीटर रुंद अंगठीत कडा सोडून ३ मिलिमीटर उरतात, त्यात ‘श्रुती’ लिहायचं तर वर वेलांटी, खाली उकार, अक्षराच्या मधल्या भागाला दीड मिलिमीटर सुद्धा मुश्किलीने मिळतो. तिथे एकेरी बारीक रेघेचं अक्षरच पाहिजे, बोरूचं जाड-बारीक वळण नको, ‘श्र’ची गाठ भरून नुसता ठिपका दिसतो. लेझरवाल्याकडे अजून एक गंमत होते, कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते, फाइलमध्ये ते आकार वेल्ड म्हणजे जोडून एकसंध केले नाहीत तर जोडावर एकतर डबल खोल खड्डा पडतो नाहीतर बारीक फट राहते. पैसे द्यायच्या आधी भिंगातून शिरोरेषा बघा, काम कसं केलंय ते तिथेच कळतं.

घड्याळाचं सगळं उलटं. जागा भरपूर, बोरूचं अक्षर तिथे शोभून दिसतं, पण घड्याळ वजनावर जात नाही, कंपनीतून आलं तसंच आहे का यावर जातं, आणि दुसऱ्याचं नाव असलेलं घड्याळ हातात घालायला घेणारा बिचकतो, भाव पाडूनच मागतो. मग लोक म्हणतात, घासून काढू की. अहो, ०.१ खोल नाव घालवायचं तर अख्खं झाकण ०.१ उतरवावं लागतं, त्यात कंपनीची अक्षरं आणि नंबर पण जातात, कडा गोल होतात, आणि जाणकार माणूस झाकण उजेडात तिरकं धरतो तेव्हा लाटेसारखी चमक दिसली की काय झालंय ते ओळखतो. म्हणून स्टीलवर मी लेझरचं काळं मार्किंग सुचवतो, नखाला लागत नाही, हलक्या पॉलिशने जातं. घाम फार येणाऱ्याला मात्र नको, त्या तापवलेल्या जागी गंज धरू शकतो. आणि काचेचं झाकण असेल तर विषयच संपला.

खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याच मॉडेलचं दुसरं झाकण मिळवा, त्यावर हवं तेवढं खोल कोरा आणि मूळचं पुडीत बांधून ठेवा. नाही मिळालं तर पट्ट्याच्या बकलवर कोरा, बकल बदलता येतं. आणि नवं घड्याळ असेल तर वॉरंटीचं आधी विचारून घ्या.

शेवटी एका ताईंनी विचारलं, सासऱ्यांचं एचएमटी आहे, मागे निवृत्तीची तारीख कोरलेली, विकायचंय, नाव काढून घेऊ का? नका काढू ताई. एचएमटीचा घड्याळ कारखाना २०१६ साली बंद झाला, आता ती घेणारे बहुतेक शौकीन असतात, त्यांना जुनं कोरीव नाव एकवेळ चालतं, घासलेलं झाकण चालत नाही. आहे तसं दाखवा, नावाचा फोटो आधीच पाठवा आणि भाव थोडा कमी येईल हे धरूनच बोला.