ग्रुप फोटोतील नावे लावताना
(सांगली येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आपल्याकडच्या जुन्या ग्रुप फोटोंखाली बहुधा ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’ अशी सुरुवात असते आणि उभ्या मंडळींची नावे नंतर येतात. सर्वत्र हीच रीत असते असे नाही. ऑक्टोबर 1927 मध्ये ब्रसेल्सला भरलेल्या, भौतिकशास्त्रज्ञांच्या पाचव्या सोल्वे परिषदेचा प्रसिद्ध फोटो घ्या. त्याच्याखाली नावांच्या तीन ओळी छापल्या आहेत आणि पहिली ओळ मागे उभ्या असलेल्यांची आहे.

नावे वाचण्याआधी फोटोच्या प्रतीवर रांगेनुसार डोकी मोजून आकडे घालावेत. येथे मागे अकरा, मध्ये नऊ आणि पुढे नऊ, असे एकोणतीस जण भरतात. नावेही तितकीच आहेत. अकरा नावांची ओळ मागचीच, हे संख्येवरून ठरते. मात्र उरलेल्या दोन रांगा सारख्याच असल्याने त्यांची अदलाबदल झाली तरी संख्या काहीच बोलत नाही. तेथे निःसंशय ओळखू येणारा एक चेहरा लागतो.

हा चेहरा आइनस्टाइन यांचा घ्यावासा वाटणे साहजिक आहे. ते पुढच्या रांगेत आहेत, त्यामुळे रांगेचा प्रश्न सुटतो. पण नऊ जणांत ते पाचवे, म्हणजे बरोबर मधोमध बसले आहेत. निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला गेला असेल, तरीही ते पाचवेच राहतात. मधल्या रांगेतील डिरॅक आणि मागचे श्रोडिंगर यांचेही तसेच आहे. उलट्या प्रतीत ही तिन्ही नावे बरोबर जुळतात आणि बाकीची सव्वीस चुकतात. म्हणून पडताळा कडेकडच्या व्यक्तीवरून घ्यावा. परिषदेतील एकमेव महिला मारी क्युरी पुढच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या आहेत; प्रत उलटी असेल तर तिसऱ्या खुर्चीवर गुई नावाचे गृहस्थ दिसतील. परिचित चेहरा नसलेल्या आपल्या फोटोंत कोटाचा वरचा खिसा पाहावा. तो अंगावर डावीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे असतो.

मधल्या रांगेतले तिसरे नाव ‘डब्ल्यू. एल. ब्रॅग’ असे आहे. नुसते ‘ब्रॅग’ उतरवून घेतले, तर वडील की मुलगा हा घोळ कायमचा राहतो, कारण दोघांनाही नोबेल मिळालेले आहे. येथे मूळ मजकुरातच शेवटी गैरहजर असलेल्यांची नावे दिली आहेत आणि त्यांत ‘डब्ल्यू. एच.’, म्हणजे वडील आहेत. ही शेवटची ओळ पुनर्मुद्रणात हमखास गाळली जाते, म्हणून मूळ छापील मजकूर मिळवण्याचा आग्रह धरावा.

अर्थात मूळ मजकूर सांगतो ते नाव; हजेरी नव्हे. 1911 च्या पहिल्या सोल्वे परिषदेच्या फोटोत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर स्वतः अर्नेस्ट सोल्वे आहेत आणि नावही बरोबर आहे. पण फोटो काढताना ते तेथे नव्हते, त्यांचे छायाचित्र मागाहून कापून चिकटवलेले आहे.