तेरा संघांपासून अठ्ठेचाळीस संघांपर्यंत : फुटबॉल विश्वचषकाचं गणित

मंडळी, फुटबॉलचा विश्वचषक १९३० मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात १३ संघ होते. २०२६ साठी ही संख्या ४८ ठरली. हा प्रवास बहुतेक वेळा पैसा आणि प्रसारणाच्या अंगाने सांगितला जातो. मला तो गटाच्या शेवटच्या सामन्यावरून सांगायचा आहे. संघ वाढवायला एक ठराव पुरतो. पण वाढलेल्या संघांतून एक विजेता न्याय्य रीतीने काढायचा कसा, हे कोडं दर वेळी नव्याने सोडवावं लागलं, आणि ते नेमकं गटाच्या शेवटच्या सामन्यात अडत गेलं.

उरुग्वेतल्या पहिल्या स्पर्धेला पात्रता फेरी नव्हती, निमंत्रणं गेली होती. बोटीने अटलांटिक ओलांडायचा आणि दोन-अडीच महिने खेळाडू अडकवून ठेवायचे, म्हणून युरोपातून फक्त चारच संघ गेले. १३ संघांचे चार गट पाडले, एक चौघांचा आणि तीन तिघांचे. प्रत्येक गटातला पहिला थेट उपांत्य फेरीत. सगळे मिळून १८ सामने झाले. पुढे १९३४ मध्ये १६ संघ आले आणि पहिल्या दिवसापासून बाद फेरीच ठेवली गेली. गणित सरळ होतं, कारण १६ चे ८, ८ चे ४ असं निम्मं-निम्मं होत जातं. पण त्याची किंमत अशी की ब्राझील आणि अर्जेंटिना एवढा प्रवास करून आले आणि एकेक सामना खेळून परतले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला गेल्यामुळे त्याची जागा रिकामी राहिली आणि स्वीडनला पुढे चाल मिळाली.

१९५० ची स्पर्धा तर फारच विस्कळीत होती. माघार घेणाऱ्यांत भारतही होता. शेवटी दोन गटांत चार, एकात तीन आणि एकात फक्त दोन संघ उरले. त्या दोघांच्या गटात उरुग्वेने बोलिव्हियाला ८-० हरवलं आणि एका सामन्यावर अंतिम साखळी गाठली. बाकीच्यांना त्यासाठी दोन किंवा तीन सामने खेळावे लागले होते. तोच उरुग्वे पुढे माराकाना मैदानावर ब्राझीलला २-१ हरवून विजेता ठरला. तो विजय कमअस्सल आहे असं मी म्हणणार नाही. पण गट असमान असले की थकवा असमान वाटला जातो, हे तिथे दिसलं.

मग बराच काळ १६ हा आकडा टिकला. बदलाची खरी मागणी आफ्रिका आणि आशियातून आली. १९६६ साठी आफ्रिका, आशिया आणि ओशियानिया मिळून फक्त एक जागा होती. आफ्रिकी संघांनी पात्रता फेरीवरच बहिष्कार टाकला आणि १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली. १६ जागांत नवे वाटेकरी बसवायचे तर युरोप किंवा दक्षिण अमेरिकेच्या जागा कापाव्या लागणार होत्या. त्यापेक्षा ताट मोठं करणं सोपं होतं. १९८२ मध्ये संघ २४ झाले.

आता इथे जरा थांबू. २४ निम्मे करत गेलात तर १२, ६, ३, आणि तिथे गाडी अडते. स्पेनमध्ये त्यावर उपाय असा केला की चौघांचे सहा गट, प्रत्येकातून दोन संघ पुढे, मग त्या १२ संघांचे तिघा-तिघांचे चार गट आणि त्यांचे विजेते उपांत्य फेरीत. याच स्पर्धेत २५ जून १९८२ ला हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातला शेवटचा सामना झाला.

स्थिती अशी होती. विजयाला तेव्हा दोन गुण होते. अल्जेरियाने पहिल्याच सामन्यात जर्मनीला २-१ हरवलं, ऑस्ट्रियाकडून ०-२ अशी हार खाल्ली आणि चिलीला ३-२ हरवलं. म्हणजे चार गुण, पाच गोल केले, पाच खाल्ले, गोलफरक शून्य. त्यांचा चिलीविरुद्धचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. ऑस्ट्रियाकडे चार गुण आणि अधिक तीनचा गोलफरक होता, जर्मनीकडे दोन गुण होते. त्यामुळे मैदानात उतरण्याआधीच दोन्ही संघांना हिशेब ठाऊक होता. जर्मनी जिंकली नाही तर ती बाहेर. जर्मनी तीन गोलांनी जिंकली तर ऑस्ट्रियाचाही फरक शून्यावर येणार, आणि जास्त गोल केलेला अल्जेरिया पुढे जाणार. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर मात्र दोघेही सुरक्षित. सुरुवातीलाच जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. १-० झालं आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. अल्जेरियाचे समर्थक प्रेक्षकांतून नोटा फडकावत होते. कारवाई काही झाली नाही, कारण लेखी नियम कुठलाच मोडला नव्हता. चूक वेळापत्रकाची होती. १९८६ पासून एका गटाचे शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

त्याच १९८६ मध्ये दुसरी साखळी काढून बाद फेरी १६ संघांची केली. सहा गटांतले पहिले दोन म्हणजे १२ संघ, उरलेल्या चार जागा सहांपैकी सर्वोत्तम चार तिसऱ्या क्रमांकांना. त्या वर्षी उरुग्वे डेन्मार्ककडून १-६ हरला, उरलेले दोन सामने बरोबरीत सोडवले, एकही जिंकला नाही, तरी पुढे गेला. १९९४ मध्ये इटलीही गटात तिसरी येऊन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. म्हणून ही सवलत सरसकट वाईट म्हणता येत नाही, पण तिच्यामुळे गटातल्या पराभवाची धार बोथट होते.

माझ्या मते सर्वांत नेटकी रचना १९९८ ते २०२२ ची. ३२ संघ, आठ गट, प्रत्येकातून दोघे, बरोबर १६. सामने ६४. तिसऱ्याला कुठलीच आशा नाही, त्यामुळे कतारमध्ये १ डिसेंबर २०२२ च्या रात्री, दोन्ही सामने एकाच वेळी चालू असताना, तीन मिनिटं स्पेन आणि जर्मनी दोघेही बाहेर जाण्याच्या स्थितीत होते.

२०१७ च्या जानेवारीत ४८ संघांचा निर्णय झाला, तो तिघांच्या १६ गटांचा. सामने ८० झाले असते. पण तिघांच्या गटात शेवटचा सामना चालू असताना तिसरा संघ रिकामा बसलेला असतो. एकाच वेळी खेळवायला दुसरा सामनाच नसतो. म्हणजे हिहोनची परिस्थिती नियमातच बसवल्यासारखं झालं असतं. मार्च २०२३ मध्ये ही रचना मागे घेतली आणि चौघांचे १२ गट ठरले. गटांचे ७२ आणि बाद फेरीचे ३२ मिळून १०४ सामने, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्याला सातऐवजी आठ.

१२ गटांतले पहिले दोन म्हणजे २४. बाद फेरीला ३२ हवेत, म्हणून आठ तिसरे क्रमांक परत आले. त्यांतले कुठले आठ येणार हे आधी कळत नाही. बारांतून आठ निवडण्याचे ४९५ प्रकार होतात, आणि एकाच गटातले दोघे लगेच पुन्हा भिडू नयेत म्हणून प्रत्येक प्रकारासाठी कोणाशी कोण, याचा तक्ता तयार ठेवावा लागतो. शिवाय १२ गटांचे शेवटचे सामने एका दिवसात बसत नाहीत, ते चार दिवसांत विभागावे लागतात. समजा पहिल्या दिवशी एक संघ तीन गुण आणि उणे एकच्या गोलफरकावर तिसरा आला. तो तीन दिवस हॉटेलात निकाल मोजत बसणार. शेवटच्या दिवशी खेळणाऱ्या गटाला मात्र किती गुण आणि किती गोल पुरतील हे आधीच कळलेलं असणार. तिथे दोन्ही संघांना बरोबरी पुरत असेल, तर शेजारच्या मैदानात त्याच वेळी चालू असलेला सामना त्यांना रोखू शकत नाही.