मामा, पाऊस आला! : कागदी पात्राला बोलतं करताना

नमस्कार मंडळी. आज मी तुमच्याशी तोंडाबद्दल बोलणार आहे, म्हणजे कार्डशीटमधून कापलेल्या एका छोट्या मुलीच्या तोंडाबद्दल, आणि त्यासाठी तुम्हाला आत्ताच एक काम करायचंय. रेडिओ ऐकता ऐकता एक बोट ओठांवर हलकंच टेकवा आणि माझ्याबरोबर सावकाश म्हणा, मामा, पाऊस आला. परत म्हणा. मामा म्हणताना ओठ दोनदा मिटले, पाऊसच्या सुरुवातीला पुन्हा एकदा मिटले, मग "ऊ"ला पुढे आले, आणि "आला" म्हणताना एकदाही मिटले नाहीत. बोटाला जे कळलं ना, तेवढंच कागदावर आणायचं असतं.

कटआउट ॲनिमेशन म्हणजे हात, पाय, डोकं वेगवेगळं कापायचं, टेबलावर मांडायचं, वरून मोबाईल किंवा कॅमेरा लावायचा, जरासं हलवायचं आणि फोटो काढायचा. सेकंदाला 12 फोटो धरले तरी चालणं बोलणं व्यवस्थित दिसतं. पात्र बोलणार असेल तर आवाज आधी रेकॉर्ड करायचा आणि चित्र नंतर, हा क्रम उलटा करू नका, कारण हललेल्या ओठांवर बोलणं बसवणं फार जिकिरीचं होतं.

माझ्या पहिल्या फिल्ममध्ये एक आजी होती. मी काय केलं, संवाद वहीत लिहून काढला आणि प्रत्येक अक्षराला एक तोंड दिलं. "क"ला एक तोंड, "म"ला एक तोंड, असं एकापाठोपाठ सगळं. दोन दिवस लागले. आणि चालवून बघितलं तर आजी बोलतेय असं वाटेचना, काहीतरी चघळतेय असंच दिसत होतं. मला फार वाईट वाटलं, कारण आवाज माझ्या मावशीचा होता आणि तो इतका सुंदर आला होता. मग मी एकेक तोंड काढून टाकत गेले, जवळजवळ निम्मी गेली, आणि तेव्हा कुठे आजी बोलायला लागली.

याचं कारण सोपं आहे. क, ग, ट, ड, ण, ळ हे आवाज जिभेने आत होतात, समोरच्या माणसाला ते दिसतच नाहीत. "कागद" म्हणून बघा, आरशात फक्त तोंड उघडं दिसतं. दिसतात ते ओठ. त्यामुळे सहा तोंडं पुरतात. पहिलं मिटलेलं, प फ ब भ म साठी आणि गप्प असताना. दुसरं दात दिसणारी बारीक फट, स, च, ज आणि इ, ई साठी. तिसरं अर्धं उघडं, हे सगळ्यात जास्त वापरलं जातं, अ, ए आणि ते आतले सगळे आवाज याच्यात बसतात. चौथं मोठं उघडं, आ. पाचवं चंबू, उ, ऊ, ओ. सहावं वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले, व साठी, आणि आपण "फोन", "ऑफिस" म्हणतो त्यातल्या फ साठी. ल साठी जीभ वर दिसणारं सातवं तोंड काही जण काढतात, मी काढत नाही, अर्ध्या उघड्या तोंडात जिभेचा एक गुलाबी ठिपका दिला की भागतं.

काढताना एक गोष्ट सांभाळा, ही मला कुणी सांगितली नव्हती. आपला वरचा जबडा कवटीला घट्ट आहे, बोलताना हलतो तो फक्त खालचा. म्हणून वरच्या दातांची रेघ सगळ्या तोंडांत एकाच उंचीवर हवी, आणि तोंड उघडतं ते खालच्या बाजूला. ट्रेसिंग पेपरवर नाक, वरच्या दातांची रेघ आणि हनुवटी काढून घ्या आणि प्रत्येक तोंड त्याच्याखाली ठेवून तपासा. नाहीतर तोंडं नाकाखाली वरखाली उड्या मारतात. मोठ्या "आ"ला हनुवटीसुद्धा किंचित खाली येते, त्यासाठी मी नुसते ओठ कापत नाही, नाकाखालचा हनुवटीपर्यंतचा अख्खा तुकडाच बदलते. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांना त्वचेच्या रंगाचं स्केचपेन फिरवायचं. चिकटवायला डबल टेपचा छोटा तुकडा, पण आधी तो बोटावर दोनतीनदा दाबून त्याची चिकटण कमी करून घ्यायची, नाहीतर तोंड काढताना गालच फाटतो. आणि उचलायला चिमटा, बोटाने उचललं की डोकं सरकतं.

आता आपलं वाक्य. मी भाचीच्या आवाजात रेकॉर्ड केलं, मामा, पाऊस आला, बरोबर दोन सेकंद भरलं, म्हणजे 24 चित्रं. ऑडॅसिटी म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यात आवाजाची लाट दिसते, ती मोठी करून आणि हळू चालवून मी वहीत 1 ते 24 आकडे उभे लिहिले आणि प्रत्येकासमोर तोंड लिहिलं. या वहीला ॲनिमेशनवाले डोप शीट म्हणतात.

ऐका कसं बसलं ते. पहिलं चित्र मिटलेलं, तो म. दुसरं तिसरं मोठं उघडं. चौथं पुन्हा मिटलेलं. पाचवं सहावं मोठं, सातवं अर्धं. मग आठ, नऊ, दहा मिटलेलं, कारण तिने मामा म्हणून जरा थांबून घेतलं आणि त्याच्यातच पाऊसचा प येऊन गेला. अकरा बारा मोठं. तेरा, चौदा, पंधरा चंबू, हे लांब ठेवलं कारण तिने "ऊऊ" असं ओढून म्हटलं होतं. सोळा दातांची फट, स. सतरा अठरा मोठं. एकोणीस अर्धं, तो ल. वीस, एकवीस, बावीस मोठं, तेवीस अर्धं, चोवीस मिटलेलं. बघा, अख्ख्या वाक्यात पाचच तोंडं लागली, सहावं वापरलंच नाही. आणि शेवटी अर्धं तोंड मधे घातलं ते मुद्दाम, तोंड उघडतं झटकन पण बोलणं संपताना मिटतं सावकाश, तिथे एकदम मिटवलं तर दार आपटल्यासारखं दिसतं.

यात सगळ्यात जास्त जपायचं ते मिटलेलं तोंड. बाकी कुठे अर्ध्याऐवजी मोठं लागलं तर बघणाऱ्याला कळतही नाही, पण म किंवा प ला ओठ मिटले नाहीत तर लहान मुलालाही खटकतं. याला भक्कम आधार आहे. 1976 साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या दोघांनी एक प्रयोग छापला, आवाज "बा" असा आणि चित्रातले ओठ मात्र "गा" म्हणणारे, तर बऱ्याच मोठ्या माणसांना "डा"सारखं ऐकू आलं. म्हणजे न मिटलेले ओठ नुसते वाईट दिसत नाहीत, ते ऐकलेला शब्दच बिघडवतात. म्हणून बोलणं कितीही भरभर असो, प्रत्येक प-ब-म ला निदान एक पूर्ण चित्र मिटलेलं द्यायचंच, जागा नसेल तर शेजारच्या स्वराचं एक काढून घ्यायचं.

इथे सगळे चुकतात, मी पण चुकले. लाटेत प चा जो उंच टोकदार भाग दिसतो, तिथे आपण मिटलेलं तोंड लावतो. पण तो आवाज ओठ उघडतानाचा आहे! मिटलेले असताना प ला आवाजच नसतो, लाट सपाट असते. तर मिटलेलं तोंड त्या सपाट जागेत आणि टोकाला उघडलेलं. म चं तसं नाही, तो ओठ मिटूनच नाकातून गुणगुणतो, त्यामुळे आवाज आणि मिटलेलं तोंड एकत्र येतात. पुन्हा बोट ओठांवर ठेवून "मम्मा" आणि "पप्पा" म्हणा, फरक बोटाला लगेच कळेल.

आणि लिहिलेल्या अक्षरांवर अजिबात जाऊ नका, कानावर जा. आपल्या मराठीत तर फारच. "आंबा" आणि "रंग" दोन्हीवर तसाच अनुस्वार, पण आंबामध्ये तो म होतो, ओठ मिटतात, रंगमध्ये आत घशाकडे होतो, ओठ उघडेच. "सिंह" लिहितो पण म्हणतो "सिंव्ह", म्हणजे तिथे ते सहावं, दात ओठावरचं तोंड लागतं, कागद बघून कुणालाच सुचणार नाही. तसंच "आ"चं. दिसला आ की मोठं तोंड असं नसतं, हळू आवाजात म्हटलेला आ अर्ध्या तोंडाचा असतो आणि ओरडून म्हटलेला "अगं"सुद्धा मोठ्या तोंडाचा. किती उघडायचं हे आवाजाचा जोर ठरवतो.

शेवटची एक तपासणी. सगळं बसवल्यावर आवाज आणि चित्र यांचा मेळ बघायचा, तर आवाज चित्राच्या आधी आला की माणसाला फार लवकर कळतं, साधारण 45 मिलिसेकंदातच, आणि आवाज मागून आला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही, प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मोजमापांत हे आकडे आहेत. विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट मागून, हे आपल्या डोळ्याकानाला सवयीचंच आहे. आपलं एक चित्र असतं साधारण 83 मिलिसेकंदांचं. म्हणजे तोंडं एक चित्र पुढे गेली तर खपतं, एक चित्र मागे राहिली तर दिसतं. म्हणून मनात शंका असली की मी सगळी तोंडं एक चित्र आधी सरकवते. भाचीच्या वाक्यात मी आवाज सुरू व्हायच्या आधी मिटलेल्या तोंडाचं एक जादा चित्र घातलं, सगळी तोंडं एकेक घर वर सरकवली, आणि मग ती फिल्म आवाज बंद करून तिच्या आईला दाखवली. तिने बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि म्हणाली, "मामाला हाक मारतेय का गं ही?"