राउटर मधून काढला, तरी दोषी कोण?

नमस्कार मंडळी. नेट अडखळलं की घरात दोन पक्ष पडतात हे तुम्हाला सांगायला नको. केबलवाला म्हणतो, "लाइन ओके आहे, तुमचा राउटर बघा." राउटर विकणारा म्हणतो, "डबा नवा आहे हो, लाइनमध्येच काहीतरी असणार." मग कुणीतरी जाणता सांगतो, राउटर बाजूला काढा आणि लॅपटॉप थेट मॉडेमला लावा. सल्ला बरोबर आहे. पण तो घाईत केला की चुकीचा माणूस फासावर जातो. मी स्वतः चढवलाय, म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी एक खात्री करून घ्या. भिंतीवरच्या ज्या डब्यात फायबरची बारीक वायर जाते, तो मॉडेम. (कुणी त्याला ओएनटी म्हणतं, कुणी ओएनयू.) काही घरांत हाच डबा वायफायही देतो, म्हणजे राउटर त्याच्या पोटातच असतो. तुमचं तसं असेल तर लॅपटॉप थेट लावून फक्त वायफाय दोषी आहे का एवढंच कळेल, कारण पोटातला राउटर काही बाहेर निघत नाही. आज मी बोलतोय ते दोन डबे असलेल्या घरांबद्दल: मॉडेम वेगळा, राउटर वेगळा, आणि युझरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेला.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंकडे हीच मांडणी होती. मुलगी घरून काम करते. तासाभरात दोन-तीनदा तिचा व्हिडिओ कॉल गोठायचा, अर्ध्या-एक मिनिटाने परत सुरू. राउटर एकदा बदलून झाला होता. मी गेलो तेव्हा मॉडेमवरचा पॉन दिवा हिरवा, स्थिर. एलओएसचा लाल दिवा बंद. म्हणजे फायबरमधून प्रकाश येत होता. पण प्रकाश येतोय म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही.

पहिलं काम, वायफाय वगळणं. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, राउटरच्या लॅन पोर्टला वायर जोडली आणि अर्धा तास मोजत ठेवलं. विंडोजमध्ये सेकंदाला एक पिंग, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरला मारलेली छोटी हाक, जातो, म्हणून अर्ध्या तासाला अठराशे.

```
ping -n 1800 8.8.8.8
```

दोनदा तुटलं, प्रत्येक वेळी सलग आठ-दहा ओळी `Request timed out.` वायरनेही तेच, म्हणजे वायफाय निर्दोष सुटलं. आता एक गंमत लक्षात ठेवा. कधी कधी राउटर स्वतःच उत्तर देतो, `Destination net unreachable` म्हणून, आणि विंडोज ते उत्तर "मिळालं" या खात्यात टाकतं. त्यामुळे शेवटी दिसणाऱ्या टक्केवारीवर डोळे झाकून विसंबू नका. ओळी वर सरकवून वाचा.

मग राउटर काढला. इथे लोक अडकतात. लॅपटॉप मॉडेमला नुसता जोडून नेट येत नाही, कारण राउटर करत होता ते लॉगिन आता लॅपटॉपला करावं लागतं. सेटिंग्जमध्ये डायल-अप विभागात नवीन कनेक्शन करायचं, ब्रॉडबँड हा प्रकार निवडायचा, आणि केबलवाल्याने दिलेलं युझरनेम-पासवर्ड भरायचं. राउटर त्याआधी बंद हवा. बहुतेक ठिकाणी एका आयडीवर एकच लॉगिन चालतं. राउटरचा प्लग नुसता उपटला, तर जुनं लॉगिन तिकडे काही मिनिटं लटकलेलं राहतं, म्हणून पाच मिनिटं थांबायचं.

जोडताना एरर 691 आली, तर पलीकडचा सर्व्हर जिवंत आहे, पण तुम्हाला आत घेत नाहीये. पासवर्ड चुकलाय, नाहीतर आयडी आधीच वापरात आहे. किंवा केबलवाल्याने तुमच्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या डब्याचा ओळख क्रमांक, बांधून ठेवलाय. तसं असेल तर फोन करून "मॅक रिलीज करा" म्हणायचं, त्यांना कळतं. 651 आली तर पलीकडून प्रतिसादच नाही. मात्र तेवढ्यावरून लाइन मेली असं जाहीर करू नका. लॅपटॉपच्या वायरपासून केबलवाल्याच्या सेटिंगपर्यंत कुठेही अडू शकतं.

आणखी एक. या वेळी लॅपटॉप आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये राउटरची भिंत नसते. नेटवर्क `Public` ठेवा, फायरवॉल चालू ठेवा, आणि चाचणी झाली की परत राउटरमागे जा.

काकूंकडे पहिल्याच झटक्यात लॉगिन झालं. माझ्या बॅगेतल्या नव्या वायरने अर्धा तास मोजलं, एकही पिंग हरवला नाही. मी ऐटीत निकाल दिला: राउटर खराब. माझ्याकडचा एक चांगला राउटर लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फोन. "अरे, परत तेच होतंय."

रात्रभर विचार केला तेव्हा उलगडलं. राउटर काढताना मी फक्त राउटर काढला नव्हता. मॉडेम आणि राउटर यांच्यामधली हातभर लांबीची वायरही काढली होती, आणि तिच्या जागी माझी नवी वायर लावली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलं. बदललेल्या राउटरला मात्र तीच जुनी वायर जोडून आलो होतो.

परत गेलो, लॅपटॉप पुन्हा थेट मॉडेमला, पण या वेळी त्या जुन्या वायरने. डबे होते दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर. दहा मिनिटं सगळं सुरळीत. मग काकूंनी भाजीला जायचं म्हणून खालचा ड्रॉवर ओढला, कपाट हललं, आणि पडद्यावर:

```
PING: transmit failed. General failure.
```

ही ओळ टाइम आउटपेक्षा वेगळी आहे. टाइम आउट म्हणजे पिंग गेला, उत्तर आलं नाही. जनरल फेल्युअर म्हणजे लॅपटॉपला बाहेर पाठवायला रस्ताच उरला नाही. खाली कोपऱ्यात इथरनेटची खूणही क्षणभर गेली. वायर उपसून पाहिली तर प्लगची प्लॅस्टिकची चिमटी तुटलेली, त्यामुळे तो पोर्टमध्ये नुसता टेकून बसायचा. कपाट हललं की संपर्क क्षणभर सुटे, लॉगिन तुटे, आणि राउटरला ते पुन्हा करायला अर्धा मिनिट लागे. म्हणूनच कॉल गोठून परत सुरू व्हायचा.

म्हणून थेट लावताना राउटरकडे जाणारी तीच वायर आधी लॅपटॉपला लावा. तिने बिघाड दिसला तर मग दुसरी वायर. दुसरीने गेला तर वायर दोषी. दोन्हींनी राहिला तर लॅपटॉपचा पोर्ट, मॉडेम नाहीतर लाइन. मग केबलवाल्याला निःशंक बोलवा आणि त्या ओळींचे वेळेसकट फोटो दाखवा. पहिल्या वायरनेच बिघाड दिसला नाही, तरच राउटर किंवा त्याचा अडॅप्टर संशयित. तेही चाचणी बिघाडाच्या वेळेलाच केली असेल तर. रात्री नऊला अडखळणारी लाइन सकाळी अकराला तपासली, तर निकाल काहीच सांगत नाही.

काकूंच्या घरी नवी वायर लावली, डबे कपाटावरून भिंतीवर नेले. बदलून ठेवलेला पहिला राउटर माळ्यावरून काढून लावून बघितला. तो अजूनही तिथेच चालू आहे.