रिकामी चिमटी

श्रोतेहो, नमस्कार.

इथे स्टुडिओत माझ्यासमोर टेबलावर एक हळकुंड ठेवलंय. करंगळीएवढं, एका टोकाला जरा वाकडं, पॉलिश झालेलं. सांगलीत हळद काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. हे हळकुंड उचलून शेजारच्या वाटीत टाका म्हटलं, तर तुम्ही बोलता बोलता टाकाल. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका यांत्रिक हाताला एवढंच काम शिकवायला आम्हाला दीड महिना लागला. त्यातले तीन आठवडे आम्ही चुकीच्या ठिकाणी चूक शोधत होतो. आज त्या तीन आठवड्यांबद्दल बोलायचं आहे.

हात काही फार भारी नाही. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले प्लॅस्टिकचे भाग, सहा छोट्या मोटरी, शेवटी दोन बोटांची चिमटी. त्याच्याजवळच अगदी तसाच दुसरा हात बसवलेला असतो. हा दुसरा हात माणसाने धरायचा आणि हलवायचा. आपण तो जसा हलवू तसा पहिला हात लगेच हलतो. पोरं त्यांना गुरू आणि चेला म्हणतात. एक कॅमेरा टेबलाच्या वर टांगलेला, दुसरा चेल्याच्या मनगटावर. मनगटावरचा लागतोच, कारण हात खाली उतरला की वरच्या कॅमेऱ्याला त्याची पाठ दिसते, हळकुंड दिसतच नाही.

गुरू हातात धरून माणूस हळकुंड उचलून वाटीत टाकतो. तेवढ्या वेळात संगणक सेकंदाला तीस वेळा नोंद करतो: दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं, चेल्याचे सहा सांधे किती अंशांवर आहेत, आणि गुरूचे सहा सांधे किती अंशांवर आहेत. एक डेमो साधारण दहा सेकंदांचा. असे पन्नास डेमो आम्ही घेतले, दर वेळी हळकुंडाची जागा बदलून. म्हणजे पाचशे सेकंद आणि पंधरा हजार नोंदी. मग संगणकातलं न्यूरल नेटवर्क एकच गोष्ट शिकतं: असं चित्र आणि असे सांधे असताना माणसाने पुढे काय केलं. नियम कोणी लिहीत नाही. हळकुंड म्हणजे काय, वाटी म्हणजे काय, हेही कोणी सांगत नाही. माणसाची नक्कल, बस. इंग्रजीतही याला इमिटेशन लर्निंग, म्हणजे नकलेतून शिकणं, असंच सरळ नाव आहे.

डेमो द्यायला आम्ही एका मावशींना बोलावलं होतं. हळद निवडण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. पहिल्या दिवशी त्या गुरूला हात लावायला तयार नव्हत्या, दुसऱ्या दिवशी पोरांपेक्षा सफाईने चालवायला लागल्या. एकच अट त्यांना जड गेली. टेबलाकडे बघायचं नाही, फक्त कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे बघून काम करायचं. आमची ही अट कडक आहे. पडद्यावर बघून माणसालाच जे जमत नाही, ते त्याच चित्रांवरून यंत्राला कसं जमेल?

शिकवणी झाली. संगणक दाखवत होता की नेटवर्कची चूक अगदी कमी झाली आहे, नक्कल जवळजवळ हुबेहूब आहे. आम्ही कागदावर खडूने वीस जागा आखल्या आणि एकेका जागी हळकुंड ठेवून हात चालवला. वीसपैकी नऊ वेळा हळकुंड वाटीत पडलं.

उरलेल्या अकरापैकी आठ वेळा अगदी एकच प्रकार घडला. चिमटी खाली यायची, हळकुंडाच्या शेजारी, फार तर बोटभर अंतरावर. तिथे हवेतच मिटायची. मग हात वर उचलायचा, डौलात वाटीकडे जायचा, चिमटी उघडायचा आणि काहीच न टाकता परत जागेवर यायचा. वर ऐट अशी, जणू पोतंभर हळद ओतून आला.

पहिला संशय कॅमेऱ्यावर. मनगटावरचा कॅमेरा जरा सैल होता, तो घट्ट केला. दुपारी खिडकीतून ऊन येऊन टेबलावर सावली सरकत होती, पडदा लावला. दोन्ही दुरुस्त्या गरजेच्या होत्याच, आकडा मात्र दहावर थांबला.

दुसरा संशय जरा खोलातला होता. नेटवर्क एका वेळी एकच पाऊल सांगत नाही, पुढच्या शंभर हालचालींचा गठ्ठा एकदम सांगतं. ही युक्ती 2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अलोहा नावाच्या दोन हातांच्या यंत्रासोबत मांडली. तिची गरज का पडते ते बघा. माणूस हळकुंडाच्या वर येऊन क्षणभर थांबतो, नीट बघतो, मग खाली जातो. एकेक पाऊल शिकणारं यंत्र तिथे अडकतं. चित्र तेच, सांधे तेच, आणि नोंदी सांगतात की इथे माणूस हलला नाही. मग तेही हलत नाही, वरच तरंगत बसतं. शंभर हालचाली एकदम ठरवल्या की तो थांबा पार होतो. त्या संशोधकांनी गठ्ठा एकाचा शंभर केला, तेव्हा त्यांच्या चाचण्यांतलं सरासरी यश शंभरात एकवरून चव्वेचाळीसवर गेलं होतं.

पण याची किंमत असते. सेकंदाला तीस हालचाली धरल्या, तर शंभर हालचाली म्हणजे तीन सेकंदांहून जास्त, आणि तेवढा वेळ यंत्र डोळे मिटून चालतं. आम्हाला वाटलं, चिमटी रिकामी राहिली हे त्याला म्हणूनच कळत नसेल. म्हणून शंभर ठरव, पण पहिल्या तीसच चालव आणि पुन्हा बघ, असं केलं. आता ते दर सेकंदाला बघत होतं. तरीही बघून सवरून रिकाम्या चिमटीने वाटीकडे जात होतं.

मग वाटलं, चिमटी रिकामी आहे ही माहितीच त्याच्यापर्यंत पोचत नसेल. पण ती पोचत होती. चिमटीत हळकुंड असलं की गुरूची बोटं पूर्ण मिटली तरी चेल्याची मिटत नाहीत, हळकुंडाला अडून थांबतात. दोघांच्या कोनांत फरक पडतो. हा फरक म्हणजेच पकडीचा जोर. म्हणूनच नेटवर्कला गुरूचे कोन नकलायला देतात, चेल्याचे नव्हे. चेल्याचे दिले तर यंत्र बोटं हळकुंडाला नुसती टेकवेल, दाबणार नाही. चिमटी रिकामी असली की चेल्याची बोटंही पूर्ण मिटतात. हा कोन दर नोंदीत होता. मनगटाच्या कॅमेऱ्यात बाजूला पडलेलं हळकुंडसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

उलगडा झाला तो पोरांनी डेमो साफ करून ठेवलेला फोल्डर उघडल्यावर. आम्ही डेमो एकूण त्रेसष्ट घेतले होते. तेरा वेळा मावशींच्या चिमटीतून हळकुंड निसटलं होतं किंवा चिमटी बाजूला बसली होती. त्यांनी चिमटी उघडली होती, जरा वर घेतली होती आणि परत उचललं होतं. पोरांनी हे तेरा डेमो खराब म्हणून काढून टाकले. उरलेल्या पंधरा हजार नोंदींत चिमटी पूर्ण मिटली आहे आणि हळकुंड टेबलावरच आहे, असं एकही चित्र नव्हतं. यंत्राच्या लेखी मिटलेल्या चिमटीनंतर वाटीकडेच जायचं असतं. दुसरं काही त्याने आयुष्यात बघितलंच नव्हतं.

हे दुखणं जुनं आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो यांनी माणसाची नक्कल करून रस्त्यावर चालणारी गाडी केली, तिथेही हेच होतं. चांगला ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या मधोमधच ठेवतो, त्यामुळे कडेला गेलेली गाडी मध्ये कशी आणायची हे शिकायला नोंदच नसते. त्यांनी चित्रं मुद्दाम बाजूला सरकवून, इथे असतास तर स्टिअरिंग इतकं फिरवलं असतंस, अशा नोंदी तयार केल्या. पुढे गणिताने दाखवलं की नुसत्या नकलेत वाईटात वाईट परिस्थितीत काम दुप्पट लांबलं तर चूक चौपट वाढते. छोटी चूक यंत्राला अनोळखी जागी नेते, तिथे ते मोठी चूक करतं, आणि आणखी अनोळखी जागी जाऊन पडतं. संगणकाने दाखवलेला चुकांचा आकडा कमी का होता तेही यातच आलं. तो मोजला होता माणसाच्या वाटेवर, आणि हात चालत होता स्वतःच्या वाटेवर.

मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो सर, हातातनं निसटलं तर परत उचलायचं, हे काय शिकवायचं असतंय?" शिकवायचं असतं, मावशी.

ते तेरा डेमो जसेच्या तसे परत घालायचा मोह झाला. तोही खड्डाच. त्यांत चिमटी बाजूला मिटण्याची हालचालही आहे, आणि यंत्र तीसुद्धा इमानाने नकलेल. नकलणाऱ्याला चूक कुठली आणि दुरुस्ती कुठली हे कळत नाही. म्हणून नोंद चुकीच्या नंतर सुरू करायची. आम्ही हात शिकलेल्या पद्धतीनेच चालू द्यायचो, तो बाजूला मिटला की थांबवायचो, गुरू त्याच पोझमध्ये आणायचो आणि तिथून पुढे मावशी चालवायच्या. चिमटी उघड, दोन बोटांएवढी वर घे, सरक, उचल, वाटीत टाक. असे वीस डेमो. यंत्र स्वतः जिथे चुकतं तिथेच शिकवायचं, ही त्यातली मेख. 2011 साली डॅगर नावाने मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे.

पुन्हा शिकवणी, पुन्हा त्याच वीस जागा. सोळा वेळा हळकुंड वाटीत. वीस चाचण्यांत एकदोनचा फरक मी मोजत नाही, नशिबानेही पडतो. नऊ-दहाचे सोळा होणं मात्र नशीब नव्हे, कारण त्या सोळांतल्या पाच वेळा चिमटी आधी रिकामी मिटली होती. ती थांबली, उघडली, जरा वर गेली आणि परत खाली आली. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा प्रयोगशाळेत कोणी काही बोललं नाही. मावशींनी नुसतं "हां" म्हटलं.

उरलेल्या चारांतली गंमत सांगून थांबतो. त्यांतल्या दोन वेळा हळकुंड चिमटीच्या धक्क्याने घरंगळून कागदाच्या बाहेर गेलं, कॅमेऱ्याच्या नजरेपलीकडे. हात तिथेच चिमटी उघडत होता, मिटत होता, वर जात होता, खाली येत होता. पाच मिनिटं आम्ही बघत राहिलो, मग एका विद्यार्थिनीने वीज बंद केली. परत प्रयत्न करायचा हे तो शिकला, सोडून कधी द्यायचं हे कुठल्याच डेमोत नव्हतं. पुढच्या मंगळवारी मावशी त्यासाठी येणार आहेत.

नमस्कार.