तीन की पाच?

परवा रावेरहून भाच्याने बायकोच्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. कागद तिरका, ट्यूबलाइटची चकाकी मधोमध. खाली लिहिलेलं, "मामा, बठ्ठं लाल शे!"

बठ्ठं लाल नव्हतं. मर्यादेबाहेरच्या ओळी मी वेगळ्या काढल्या. पांढऱ्या पेशींतले लिम्फोसाइट ४२ टक्के होते, मर्यादा २० ते ४०. ही मर्यादा साधारण शंभर निरोगी माणसांपैकी मधल्या पंच्याण्णवांवरून ठरते; म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जातोच. एकूण पांढऱ्या पेशी ठीक होत्या, म्हणून ती ओळ सोडली.

हिमोग्लोबिन १०.६, हवं १२ ते १५. रक्त कमी आहे, एवढंच ते सांगतं. का कमी, ते सांगत नाही. एमसीव्ही ६२, हवा ८३ ते १०१. म्हणजे लाल पेशी आकाराने बारीक. आता उरली लाल पेशींची संख्या, आरबीसी. नेमकी तिथेच चकाकी. मला वाचता आलं ३.६. मर्यादा ३.८ ते ४.८, म्हणजे पेशीही कमी. लोह कमी पडलंय, असं म्हणून मी मोकळा होणार होतो.

पण फोटोवरचा आकडा तपासायची एक सोय रिपोर्टातच असते. आपण केळीवाले. घडाचं वजन आणि केळ्यांची संख्या ठाऊक असली की एका केळाचं सरासरी वजन निघतं. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का, तो होता ३४.७. त्याला पेशींच्या संख्येने भागून दहाने गुणलं की एमसीव्ही यायला हवा. ३.६ ने भागलं तर ९६ येतो. रिपोर्टावर छापलेत ६२. ५.६ ने भागलं तर बरोबर ६२!

भाच्याला म्हटलं, कागद खाटेवर सपाट ठेव, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून परत फोटो काढ. आला. ५.६ च होते.

एका आकड्याने गोष्ट फिरली. पेशी कमी नाहीत, उलट जास्त आहेत, पण सगळ्या बारीक. लोह कमी पडलं की बहुधा संख्याही वाढत नाही. एमसीव्हीला आरबीसीने भागून तेराच्या खाली आलं, की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाची, शंका घ्यायची. इथे आले अकरा. हा निव्वळ इशारा, निदान नव्हे. दोन्ही एकत्रही असू शकतं.

म्हणून भाच्याला सांगितलं, आयरनच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस. डॉक्टरांना दाखव आणि फेरिटिन व एचपीएलसी या दोन तपासण्यांबद्दल विचार. फेरिटिनवरून लोहाचा साठा कळतो, एचपीएलसीवरून हिमोग्लोबिनचे प्रकार. सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही त्यातच दिसतो. लोह फारच कमी असलं तर मात्र एचपीएलसीत मायनर लपू शकतो, म्हणून दोन्ही सोबत.

"आणि मायनर निघाला तर?" त्याने विचारलं. म्हटलं, तिला बहुधा काही त्रास नाही. पण मूल होण्याआधी तुझंही रक्त तपासायचं. दोघंही मायनर असाल, तर प्रत्येक खेपेला बाळाला मेजर, म्हणजे त्याचंच गंभीर रूप, होण्याची शक्यता चारात एक.