शिस्त सदनाचे दोन गुण वजा

(दृश्य: पहाटेचं मैदान. पत्र्याच्या डब्याला भोक पाडून त्यातून चुना सांडत एक शिपाई धावपट्टीच्या रेषा ओढतोय.)

फोंडा तालुक्यातली ही शाळा. वर्गात इंग्रजी चालतं, मैदानावर मात्र मराठी आणि कोकणी. क्रीडा दिवस उद्यावर आलाय. भिंतीवरच्या फळ्यावर चार सदनांची नावं लिहिलेली दिसतात: माड, आंबा, भिरंड, जांभूळ. दोन वर्षांपूर्वी याच फळ्यावर रेड, ग्रीन, यलो आणि ब्लू होते. मधलं एक वर्ष काही वेगळंच होतं. आधी त्या वर्षाबद्दल.

(दृश्य: कपाटातले जुने झेंडे, घडीवर पडलेले डाग.)

शाळेची मुलं चार सदनांत वाटायची पद्धत इंग्लंडच्या निवासी शाळांतून आली. तिथे मुलं खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहायची, म्हणून ‘हाऊस’. आपल्याकडे घर गेलं आणि रंग उरला. रंगाची सोय मोठी आहे. टी-शर्ट मिळतो, झेंडा शिवता येतो, लांबून कोण कुठे धावतंय ते कळतं. अडचण एकच आणि ती फारशी कुणी बोलत नाही. काही मुलांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. हा दोष मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त आढळतो. इथल्या एका सहावीतल्या मुलाने रिले शर्यतीत बॅटन चक्क दुसऱ्याच सदनाच्या मुलाच्या हातात दिली. सगळे हसले. तो घरी जाऊन रडला, आणि मग कुठे शिक्षकांच्या खोलीत नावं बदलायचा विषय निघाला.

पहिला विचार मूल्यांचा. सत्य, शिस्त, एकता, सेवा. पालकसभेत टाळ्या पडल्या. छान वाटतात ही नावं, कागदावर.

(दृश्य: ध्वनिक्षेपक हातात घेतलेले पीटीचे सर.)

मैदानावर काय झालं ते सर स्वतःच सांगतात. “पहिल्याच सामन्यात मी माईकवरून म्हटलं, सत्य हरलं. अख्खं मैदान हसलं. पुढच्या आठवड्यात एकता सदनाच्या कबड्डीच्या पोरांत कर्णधार कोण यावरून मारामारी. आणि शिस्त सदनाचे दोन गुण मी कापले. कशासाठी? शिस्तभंगासाठी!”

सदनाच्या नावाची खरी परीक्षा इथेच होते. नाव नुसतं वाचून भागत नाही. त्याच्यापुढे ‘हरलं’, ‘शेवटी आलं’, ‘बाद झालं’ हे शब्द ठेवून मोठ्याने म्हणून बघावं लागतं. चार सदनांपैकी तीन दर वेळी हरणारच. ज्या नावाला हरणं शोभत नाही, ते नाव वर्षातले बहुतेक दिवस टिंगलीचं धनी होतं.

दुसरी अडचण चित्रकलेच्या बाईंच्या वहीत सापडली. प्रत्येक सदनाचं बोधचिन्ह मुलांनीच काढायचं असं ठरलं होतं. सत्यासाठी पणती आली. सेवेसाठीही पणती आली. एकतेसाठी हातात हात, आणि सेवेच्या दुसऱ्या चित्रातही हातात हात. शिस्तीसाठी एकाने बाईंच्याच हातातली पट्टी काढली. बाई हसून म्हणाल्या, “ते चित्र मात्र मी जपून ठेवलंय.”

(दृश्य: फेरीबोट, मांडवीचं पाणी.)

मग निसर्ग. गोव्यात नदी सुचणं साहजिकच. मांडवी, जुवारी, साळ, तेरेखोल. ही यादी एक दिवसही टिकली नाही. जुवारीचं पोरांनी तिथल्या तिथे ‘जुगारी’ केलं, आणि मांडवीचं नाव काढताच कॅसिनोच्या बोटी आल्या. मग जुगारी सदन नक्की कोणतं, यावर वर्गात वाद.

शेवटी उत्तर शाळेच्या मागे होतं. कुंपणापलीकडे कुळागर आहे. माड, पोफळ, फणस, भिरंड म्हणजेच कोकम, त्यांच्या बुंध्यावरून चढलेली मिरी. बाईंनी मुलांना तिथे नेलं आणि सांगितलं, जे झाड तुम्ही फळ्यावर पाच रेघांत काढू शकाल आणि शेवटच्या बाकावरून ओळखता येईल, तेच घ्यायचं.

(दृश्य: फळा, खडू. दोन झाडं शेजारी शेजारी.)

पोफळ इथे बाद झाली. पाच रेघांत काढली की ती माडच दिसते. काजू मात्र मुलांना फार हवा होता. बोंड पिवळं, खाली लोंबणारी बी, चित्र सोपं. पण दुसऱ्याच दिवशी काजूवाल्यांना काजूच्या दारूवरून ‘हुर्राक’ म्हणून हाका सुरू झाल्या आणि मुख्याध्यापकांनी हात जोडले. त्या जागी आंबा आला. कुणीतरी गोव्याच्या आंब्याचं ‘मानकुराद’ हे नाव सुचवलं होतं, अभिमानाने. पण गुणफलकावर सदनाचं पहिलंच अक्षर लिहितात, आणि माडाचाही ‘म’, मानकुरादाचाही ‘म’.

आता रंग. जुने झेंडे टाकून द्यायला शाळेकडे पैसे नाहीत, म्हणून नाव रंगाला जुळवून घ्यायचं होतं. हिरवा माडाला गेला, पिवळा पिकल्या आंब्याला, लाल भिरंडाला. मे महिन्यात भिरंड फोडून सोलं वाळत घालणाऱ्या घरातल्या मुलाला तो लाल समजावून सांगावा लागत नाही, त्याच्या सदऱ्यावर तो असतोच. अडलं निळ्यावर. कुळागरात निळं फळ नाही. गोकर्णीचं फूल निळं, पण चार झाडांत एक वेल आणली की तिला ‘लहान’ म्हणून चिडवणार. म्हणून नाव जांभूळ ठेवलं आणि रंगच बदलायचं ठरवलं, पण सावकाश. जुने निळे टी-शर्ट फाटेपर्यंत चालतील, नवे येतील ते जांभळे. उद्या मैदानावर या एका सदनात दोन रंग दिसतील. मला विचाराल तर तेच जास्त चांगलं दिसतं.

सदनातली मुलं मात्र हलवली नाहीत. जो रेडमध्ये होता तो भिरंडात, भावंडं एकत्र. नाव बदलताना वाटणीही बदलली असती तर भांडण नावावरून झालं नसतं, मैत्रीवरून झालं असतं.

(दृश्य: छातीवरचे कापडी तुकडे. नारळाची झावळी, कोयरीचा आकार, गोल भिरंड, जांभळांचा घोस.)

बोधचिन्ह आता रंगावर अवलंबून नाही. बॅटन चुकवणारा तो मुलगा सध्या आठवीत आहे. तो झावळी बघून धावतो.

एक घोटाळा राहिला होता, तो सरावाच्या दिवशी उघड झाला. गुणफलकावर खडूने ‘भ’ आणि ‘म’ लिहिलं की पन्नास पावलांवरून दोन्ही सारखेच. भिरंडाचे सहा गुण माडाच्या खात्यावर चढले. आता पहिलं अक्षर काना-वेलांटीसकट लिहायचं ठरलंय. ‘भि’ आणि ‘मा’.

(दृश्य: क्रीडा दिवस. शेवटची रिले. धूळ, आरडाओरडा.)

रिलेपूर्वी माड 63 वर, जांभूळ 61 वर. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा. जांभूळ पहिलं आलं तर 71, आणि माड दुसरा आला तरी 69.

(दृश्य: फीत तुटते. सर माईक उचलतात, आणि थबकतात.)

झाड म्हटलं तर ‘ती’ जांभूळ, फळ म्हटलं तर ‘ते’. सर क्षणभर विचार करतात, आणि क्रियापदच गाळतात.

“प्रथम क्रमांक, जांभूळ!”

मागून मुली ओरडतात, जिंकली. मुलं ओरडतात, जिंकलं.